पट्टीवरचा शेवटचा आकडा

कांद्याच्या दिवसांत गावात कुणालाही विचारा, "भाव काय लागला?" उत्तर येतं, "चौदाशे." हा आकडा खोटा नसतो, पट्टीवर खरोखरच लिहिलेला असतो. पण तो पहिल्या ओळीतला असतो, म्हणजे सगळ्यात चांगल्या मालाच्या काही पिशव्यांना लागलेला. शेवटच्या ओळीतला आकडा कुणी चारचौघांत सांगत नाही. तो घरी, दिव्याखाली, पुन्हा पुन्हा वाचला जातो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पैसे कुठे कुठे उतरले, हे ज्याला वाचता येतं त्याला त्याच्या कांद्याचा खरा भाव कळतो.

हे लिहायचं कारण माझी खाला. खालूंच्या मागे पाच एकर शेती तीच सांभाळते. दोन एकर कांदा तिने शेजारच्या तात्यांना निम्म्या वाट्याने दिला होता. बी-खताचा खर्च दोघांनी आधीच निम्मा निम्मा वाटून घेतला होता, आता विक्रीचे पैसे वाटायचे होते. माल गावातल्या इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीतून रात्री बाजाराला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्रायव्हरने पट्टी आणि चेक आणून दिला. चेक सोळा हजार दोनशे बहात्तरचा. खालाने पट्टीचा फोटो मला पाठवला आणि फोन केला, "बेटा, तात्यांना निम्मे म्हणजे आठ हजार एकशे छत्तीस द्यायचे ना? ते उद्या येणार आहेत."

मी म्हटलं, "थांब खाला. आधी पट्टी वाचू."

पट्टी अशी होती. दुकानाचं नाव गाळतो आहे, बाकीचे आकडे जसेच्या तसे.

पिशव्या ४२. एकूण वजन २,१९० किलो, बारदान वजा ४२ किलो, निव्वळ २,१४८ किलो.

१८ पिशव्या, ९३४ किलो, दर १,४००, रक्कम १३,०७६
१६ पिशव्या, ८२१ किलो, दर १,०००, रक्कम ८,२१०
६ पिशव्या, २९७ किलो, दर ५००, रक्कम १,४८५
२ पिशव्या, ९६ किलो, दर २००, रक्कम १९२
एकूण २२,९६३

वजा: हमाली ३७८, तोलाई १६८, मोटारभाडे २,३१०, बारदाना १,७५०, रोख उचल २,०००, इतर ८५. एकूण खर्च ६,६९१.

देय रक्कम १६,२७२.

माझे मामू पंचवीस वर्षं एका आडतीवर मुनीम होते. रोज रात्री अशा शंभरेक पट्ट्या ते हाताने लिहायचे. पट्टी खालून वर वाचायची नाही, असं ते सांगायचे. शेतकरी आधी शेवटचा आकडा बघतो, त्याचा चेहरा उतरतो किंवा खुलतो, आणि मग वरचं तो नीट वाचतच नाही. वरून वाचायला सुरुवात करायची, आणि पैशांच्या आधी वजन बघायचं.

म्हणून पहिल्यांदा पिशव्या मोजल्या. खालाने घरातून ४२ पिशव्या पाठवल्या होत्या, तिच्या वहीत तसं लिहिलेलं होतं. पट्टीवरच्या चार ओळींतल्या पिशव्यांची बेरीज १८, १६, ६ आणि २, म्हणजे ४२ भरते. हे क्षुल्लक वाटतं, पण एकाच गाडीत सात-आठ शेतकऱ्यांचा माल असतो आणि उतरवताना एखादी पिशवी शेजारच्या थप्पीत जाऊ शकते. मग वजनांची बेरीज: ९३४, ८२१, २९७, ९६, एकूण २,१४८. बरोबर. मग प्रत्येक ओळीचा गुणाकार. इथे दर शंभर किलोचा आहे हे लक्षात ठेवायचं. ९३४ किलो म्हणजे ९.३४ क्विंटल, गुणिले १,४००, म्हणजे १३,०७६. पुण्याकडे दर दहा किलोचा बोलतात. तिथला एकशे चाळीस आणि इथला चौदाशे एकच. दोन बाजारांच्या पट्ट्या शेजारी ठेवून भाव ताडून बघणाऱ्याने आधी हे एकक बघावं.

हिशोबपट्टीवर फक्त बेरजा येतात. त्याच्या आधीचा कागद म्हणजे काटापट्टी. तोल होताना एकेक पिशवीचं किंवा एकेका थप्पीचं वजन तिच्यावर उतरवलं जातं. माल विकायला स्वतः गेलेल्या माणसाने ही काटापट्टी मागून घ्यावी, आणि गाडीबरोबर माल पाठवणाऱ्याने ती हिशोबपट्टीला टाचून मागवावी. तिच्यावरचे सगळे आकडे ५१, ५२, ५० असे पूर्ण किलोत दिसले, तर वरचे ग्रॅम कुठेतरी सोडले गेले आहेत असं समजावं. इलेक्ट्रॉनिक काटा ग्रॅम दाखवतो, आणि बेचाळीस पिशव्यांपैकी एकीचंही वजन वर काही ग्रॅम भरलं नाही असं होत नाही.

आता बारदान वजा ४२ किलो. म्हणजे पिशवीमागे एक किलो. भरलेल्या पिशवीच्या वजनातून रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायचं, यात गैर काही नाही. कांदा घेणारा गोणपाटाचे पैसे का देईल? प्रश्न पिशवीच्या खऱ्या वजनाचा आहे. खालाकडे त्याच लॉटमधल्या आठ रिकाम्या पिशव्या उरल्या होत्या. मी तिला म्हटलं, नाक्यावरच्या किराणा दुकानात नेऊन त्या आठही एकदम तोलून आण. आठ पिशव्यांचं वजन भरलं चार किलो ९६० ग्रॅम. म्हणजे एक पिशवी ६२० ग्रॅमची. पट्टीत कापला एक किलो. पिशवीमागे ३८० ग्रॅम कांदा विनापैशाचा गेला. बेचाळीस पिशव्यांचे ते जवळपास १६ किलो होतात. या पट्टीचा सरासरी दर किलोला १० रुपये ६९ पैसे पडतो, त्या हिशोबाने १७१ रुपये.

गंमत अशी की तोलाई १६८ रुपये आहे. ती खर्चाच्या रकान्यात लिहिलेली आहे म्हणून तिच्यावर बाजारात वाद होतात, निवेदनं दिली जातात. तिच्यापेक्षा तीन रुपये जास्त गेले ते वजनाच्या ओळीत, आणि ते कुठल्याच रकान्यात नाहीत. वजनातून कापलेला पैसा खर्चासारखा दिसत नाही. जिथे जिथे कडती, सूट, मातेरं या नावाने क्विंटलमागे एखादा किलो उडवला जातो तिथे हेच होतं. हे सांगताना मामूंचा आवाज बदलायचा. मापात मारणाऱ्यांवर कुराणात त्यांच्याच नावाची एक सूरह आहे, ती त्यांनी पट्टीच्या गठ्ठ्यांवर बसूनच खरी समजून घेतली होती.

वजनानंतर दर. चार ओळी म्हणजे चार प्रती. मोठा, मध्यम, गोल्टी आणि शेवटच्या दोन पिशव्या खराब, चिघळायला लागलेल्या मालाच्या. सगळ्यांचा मिळून सरासरी दर काढायचा तर एकूण रकमेला एकूण क्विंटलने भागायचं. २२,९६३ भागिले २१.४८, म्हणजे १,०६९. गावात "चौदाशे" म्हणून जो भाव फिरतो तो खरं तर अठरा पिशव्यांचा. सगळ्या बेचाळीस पिशव्यांचा भाव १,०६९ आहे. शेजाऱ्याला बाराशेच लागला म्हणून तो हळहळत असेल, पण त्याचा सगळा माल बाराशेने गेला असेल तर तो खालापेक्षा पुढे आहे.

मग खर्चाचा रकाना. इथे सहा आकडे एकाखाली एक मांडलेले असतात, एकाच "वजा" या शब्दाखाली. त्यामुळे ते एकाच जातीचे वाटतात. तसे ते नसतात. मी ते तीन ढिगांत वेगळे केले, कारण तात्यांना किती द्यायचे हे त्या ढिगांवरच ठरणार होतं.

पहिला ढीग बाजारातल्या मजुरीचा. हमाली पिशवीमागे नऊ रुपये, बेचाळीसचे ३७८. तोलाई पिशवीमागे चार, १६८. हे दर आडत्याच्या मनावर नसतात, बाजार समिती ते ठरवते आणि तिच्या कार्यालयात ते बघायला मिळतात. पट्टीवरचा आकडा पिशव्यांच्या संख्येने भागला की दर निघतो, तो त्या यादीशी ताडायचा. साधारण नियम असा की गाडीतून माल उतरवण्यापासून तोल होईपर्यंतची मजुरी विकणाऱ्याची आणि तोलानंतर माल उचलून दुसऱ्या गाडीत भरण्याची मजुरी घेणाऱ्याची. पट्टीवर हमाली दोनदा वेगवेगळ्या नावांनी आली, एकदा हमाली आणि एकदा भराई, तर दुसरी कुणाची हे विचारायला हवं. हमालावर मात्र राग काढू नये. पन्नास किलोची पिशवी पाठीवर घेणाऱ्याचे ते पैसे आहेत, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने त्या मजुरीला जी लेव्ही जोडली ती मालकाने भरायची असते, शेतकऱ्याने नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यात पट्टीतून हमाली-तोलाई कापायची की नाही या वादात कांद्याचे लिलाव अडकून पडले होते. पट्टीवरची ही दोन बारीक नावं किती जड आहेत ते तेव्हा दिसलं.

दुसरा ढीग शेतकऱ्याच्या स्वतःच्या खर्चाचा, जो आडत्याने त्याच्या वतीने आधी भरलेला असतो. मोटारभाडे पिशवीमागे ५५, एकूण २,३१०. हे ड्रायव्हरला दिले गेले. माल पाठवताना ठरलेला दर आणि पट्टीवरचा दर एकच आहे का, एवढंच इथे बघायचं. शिवाय ड्रायव्हरच्या हातात आधीच काही दिलं असेल तर ते इथून वजा झालं का, तेही. आणि बारदाना १,७५०. आडत्याने हंगामाच्या सुरुवातीला ५० रिकाम्या पिशव्या पाठवल्या होत्या, ३५ रुपयांची एक. पन्नासचे पैसे या पट्टीत कापले, पण माल गेला ४२ पिशव्यांत. आठ पिशव्या, म्हणजे २८० रुपये, खालाच्या पडवीत आहेत. ते गेलेले पैसे नाहीत, ठेवलेले आहेत. पुढच्या पट्टीत हाच बारदाना पुन्हा लागला नाही ना, हे बघायची नोंद तिने वहीत केली.

तिसरा ढीग एकाच आकड्याचा. रोख उचल २,०००. खालाने महिन्यापूर्वी दवाखान्यासाठी आडतीवरून दोन हजार घेतले होते. आडत्याने ते आता कापून घेतले. हा कांद्याचा खर्च नाहीच. हे तिचं कर्ज होतं, ते फिटलं. कांदा न विकताही ते तिला द्यायचेच होते.

राहिले इतर ८५. मामूंचा नियम असा होता की ज्या खर्चाला नाव नाही तो खर्च नाही. खालाने आडतीवर फोन केला. मुनीम म्हणाला, "टपाल, चौकीदार, असं किरकोळ असतं." ती म्हणाली, "मग तसं नाव घालून लिहा, आणि समितीच्या यादीत ते असलं तर कापा." ते ८५ परत मिळाले नाहीत. पण पुढच्या पट्टीत "इतर"चा रकाना रिकामा आला.

एक आकडा या पट्टीवर नाही, आणि तो का नाही हेही वाचता आलं पाहिजे. तो म्हणजे आडत. मामूंच्या हातच्या जुन्या पट्ट्या आमच्या घरी अजून आहेत. त्यांत हमालीच्या वर पहिली ओळ आडतीची असायची, शेकडा सहा. खालाच्या मालावर ती लागली असती तर १,३७८ रुपये झाले असते, हमाली आणि तोलाई मिळून जेवढे होतात त्याच्या अडीच पट. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे, भाजीपाला, कांदा-बटाट्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं केलं. त्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी तेव्हा बाजार बंदही ठेवले होते. बाजार समितीची फी, ज्याला लोक सेस म्हणतात, ती तर १९६३ च्या कायद्यापासूनच खरेदीदाराने द्यायची आहे. तेव्हा कांद्याच्या पट्टीत विकणाऱ्याच्या नावे आडत किंवा सेस दिसला, तर तिथेच बोट ठेवायचं.

पण आडत कापणारा ती आता पक्क्या पट्टीवर लिहीत नाही. तो कोऱ्या कागदावर हिशोब करतो, ज्यावर दुकानाचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, पट्टीचा अनुक्रमांक नाही. त्याला कच्ची पट्टी म्हणतात. तिच्यावरचे आकडे अगदी खरे असले तरी ती पुढे कुठे दाखवता येत नाही. अनुदान जाहीर झालं तर बाजार समितीत विक्री झाल्याचा पुरावा म्हणून पक्की पट्टीच मागतात, कच्ची नाही. म्हणून "पट्टी पक्की द्या" हे वाक्य गाडी पाठवतानाच ड्रायव्हरला सांगून ठेवायचं, कारण मागून ती मिळत नाही.

आता खालाच्या प्रश्नाकडे. चेक १६,२७२ चा आहे. त्याचे निम्मे ८,१३६. हे तात्यांना दिले असते तर खालाच्या दवाखान्याच्या दोन हजारांतले एक हजार तात्यांनी भरल्यासारखे झाले असते. त्यांना ते कळलंही नसतं, कारण पट्टी खालाच्या नावाची आणि शेवटचा आकडा छापील. वाटायची रक्कम काढायला उचल परत मिळवायची: १६,२७२ अधिक २,०००, म्हणजे १८,२७२. त्याचे निम्मे ९,१३६. तात्यांना ९,१३६ द्यायचे. खालाचेही ९,१३६, पण त्यातले दोन हजार तिने आधीच उचललेले, म्हणून चेकमधून तिच्या हातात ७,१३६ राहतील. ९,१३६ आणि ७,१३६ मिळून १६,२७२. चेकशी जुळतं. बारदान्याचे सगळे १,७५० दोघांच्या हिशोबात धरले, म्हणून उरलेल्या आठ पिशव्याही दोघांच्या. त्या पुढच्या खेपेला वापरायच्या ठरल्या.

फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग खाला म्हणाली, "हजार रुपयांसाठी तात्या मला काही बोलले नसते." मी म्हटलं, "बोलले नसते, कारण त्यांना माहीत नसतं." ती म्हणाली, "तेच तर." दुसऱ्या दिवशी तिने पट्टी तात्यांच्या समोर ठेवली आणि उचलीच्या ओळीवर बोट ठेवून हे माझं आहे असं सांगितलं.

वाटणी झाली, पण कांद्याचा खरा भाव अजून निघाला नव्हता. विक्री २२,९६३. त्यातून हमाली, तोलाई, भाडे आणि ते ८५ वजा केले की राहतात २०,०२२. वापरल्या गेलेल्या ४२ पिशव्यांचे १,४७० वजा केले की १८,५५२. भागिले २१.४८ क्विंटल, म्हणजे ८६४. पहिल्या ओळीत चौदाशे, सरासरी १,०६९, आणि बाजारातून घरी आलेला भाव ८६४. काढणी, काटणी आणि पिशव्या भरायची मजुरी यात धरलेलीच नाही. पुढच्या वर्षी कांदा लावायचा की नाही हे ठरवताना खालाने ८६४ हा आकडा घ्यायचा, चौदाशे नाही. आणि चेकवरच्या रकमेला क्विंटलने भागून येणारे ७५८ सुद्धा नाही, कारण त्यात तिची उचल आणि उरलेल्या पिशव्या मिसळलेल्या आहेत.

शेवटी त्या दोन पिशव्या. ९६ किलो, दर २००, रक्कम १९२. त्यांच्यावरचा खर्च मोजू. पिशवीमागे हमाली ९, तोलाई ४, भाडे ५५, पिशवी ३५, एकूण १०३. दोन पिशव्यांचे २०६. आले १९२, गेले २०६. खालाने त्या दोन पिशव्या बाजारात पाठवून वर १४ रुपये दिले. पट्टीवर हे कुठेच दिसत नाही, कारण तिथे १९२ जमेच्या बाजूला आहेत आणि खर्च सगळ्या पिशव्यांचा एकत्र आहे. कांद्याचा दर चढतो-उतरतो, पण हमाली, तोलाई, भाडे, बारदाना हे सगळे पिशवीवर लागतात. चौदाशेच्या पिशवीला १०३ आणि दोनशेच्या पिशवीलाही १०३. साधारण पन्नास किलोची पिशवी धरली तर किलोला दोन रुपयांच्या खाली गेलेला माल खर्चही काढत नाही. गोल्टीच्या सहा पिशव्यांनी १,४८५ आणले आणि ६१८ खाल्ले, म्हणजे त्या पाठवणं बरोबर होतं. त्या दोन मात्र बांधावर टाकून खत करायच्या होत्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारातली एक पट्टी देशभर फिरली होती, ती याच गणिताची होती. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा दहा पिशव्या कांदा, ५१२ किलो, दर किलोला एक रुपया. रक्कम ५१२. भाडे, हमाली, तोलाई वजा जाता हातात राहिले दोन रुपये ४९ पैसे, आणि चेक मिळाला दोन रुपयांचा. लोक त्या दोन रुपयांवर हसले आणि रडले. पट्टी म्हणून ती वाचली तर दिसतं की पिशवीमागे जवळपास ५१ रुपये खर्च होता आणि पिशवीत माल ५१ रुपयांचाच होता. तिथे खर्चाचा आकडा वेगळा काही नव्हता. भाव इतका खाली आला होता की नेहमीच्याच खर्चाने तो सगळा गिळला. अशा दिवसांत पट्टी तपासून फार काही हाती येत नाही, माल पिशवीत भरण्याआधीच हिशोब करावा लागतो. गाडीवाला पिशवीचं भाडं सांगतो, हमाली-तोलाईचे दर ठरलेले असतात, पिशवीची किंमत माहीत असते. त्या चारांची बेरीज पन्नासने भागली की किलोचा तो तळ निघतो ज्याच्या खाली माल पाठवू नये. खालाच्या वहीच्या पहिल्या पानावर आता हा एकच आकडा लिहिलेला आहे, आणि भाडं वाढलं की ती तो खोडून नवा लिहिते.

तफावत सापडली तर काय करायचं? आधी आडतीवरच विचारायचं, पण पट्टी हातात धरून, ओळीचं नाव घेऊन. बऱ्याचदा बेरजेची किंवा पिशव्यांच्या मोजणीची चूक असते आणि ती तिथेच दुरुस्त होते. नाही झाली तर बाजार समितीच्या सचिवांना लेखी अर्ज द्यायचा, पट्टीची झेरॉक्स जोडून, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. त्यावरचं कार्यालय जिल्हा उपनिबंधकांचं. काट्याबद्दल शंका असेल तर ते काम वैध मापन शास्त्र विभागाचं, काट्यावर त्यांच्या पडताळणीचा चालू वर्षाचा शिक्का असावा लागतो. आणि चेक हातात आला की त्यावरची तारीख बघायची. विक्रीचे पैसे त्याच दिवशी मिळायला हवेत. पंधरा दिवसांनंतरच्या तारखेचा चेक म्हणजे शेतकऱ्याने आडत्याला बिनव्याजी दिलेली उचल. खालाची दोन हजारांची उचल पट्टीत लिहिली जाते, ही दुसरी उचल कुठेच लिहिली जात नाही.

बारदानाच्या वजनाचं मात्र खालाने स्वतःच बघितलं. पुढच्या खेपेला ती गाडीबरोबर गेली. तोलाच्या वेळी तिने एक रिकामी पिशवी काट्यावर टाकली आणि ६२० ग्रॅमचा आकडा सगळ्यांना दिसेल इतका वेळ ती तिथेच राहू दिली. तोलणारा काही बोलला नाही. त्या दिवशीच्या पट्टीत ३० पिशव्यांना बारदान लागलं १९ किलो.